मदत हवी आहे: ट्रायल अर्ध्यावर थांबवली, पेपरमध्ये बाउंडरी आणि आकडा कसा लिहायचा?

निपाणी_ओबीजी
नमस्कार मंडळी. सिझेरियनच्या आधी योनिमार्ग पोव्हिडोन आयोडीनने पुसला तर नंतरचा संसर्ग कमी होतो का, अशी आमची ट्रायल होती. निपाणी आणि चिकोडी भागातल्या बाया, 30 दिवसांचा फॉलोअप. संसर्ग 16 टक्क्यांवरून 8 वर येईल असं धरून 520 बाया ठरवल्या होत्या. प्रोटोकॉलमध्ये एकच ओळ आहे: "निम्म्यावर एक इंटरिम अ‍ॅनालिसिस, ओब्रायन-फ्लेमिंग."

260 झाल्यावर डेटा सेफ्टी कमिटीने बघितलं. नेहमीच्या पद्धतीत 130 पैकी 23 जणींना संसर्ग, पुसलेल्यांत 130 पैकी 7. z आला 3.11. कमिटीने थांबवा म्हणून सांगितलं. कमिटीची बैठक होईपर्यंत आणखी 38 बाया घेतल्या गेल्या होत्या, दोन्हीकडे 19. त्यांत संसर्ग 3 आणि 2.

आता रिव्ह्यूअर विचारतो: बाउंडरी नेमकी कोणती, आकडे कोणी बघितले, आणि फरक फुगलेला नाही कशावरून? आमच्या सरांचं म्हणणं, 260 चाच निकाल द्यायचा, तोच ठळक आहे. मला ते पटत नाही, पण उत्तर कसं मांडावं कळेना.

चिकोडी_फार्मा
डॉक्टर, एवढं घाबरू नका. बाउंडरी आधी ठरली होती, ती ओलांडली, मग चूक 5 टक्क्यांच्या आतच राहिली. ओब्रायन-फ्लेमिंग त्यासाठीच असते. "बाउंडरी पाळली" म्हणून लिहा आणि मोकळे व्हा.

टिळकवाडी_संख्याशास्त्र
चिकोडीकरांचं अर्धं बरोबर आहे. खोटा फायदा दिसण्याची शक्यता बाउंडरी आवरते. फायदा केवढा, हा आकडा मात्र ती आवरत नाही. रिव्ह्यूअरचा शेवटचा प्रश्न त्याच आकड्याबद्दल आहे.

आधी बाउंडरी बघू. "ओब्रायन-फ्लेमिंग" एवढंच लिहिलं तर दोन वेगळ्या रेषा निघतात. मूळ पद्धतीत दोन वेळा बघायचं असेल तर निम्म्यावर z 2.797 हवा. लॅन-डीमेट्सची अल्फा वाटून खर्च करायची पद्धत घेतली तर 2.963. तुमचा 3.11 दोन्हींच्या पलीकडे आहे, म्हणून निभावलं. पण नेहमीच्या गटात 23 ऐवजी 22 जणींना संसर्ग झाला असता तर z 2.955 आला असता, म्हणजे एका रेषेने थांबा आणि दुसरीने चालू ठेवा. आणि कमिटीने हेबिटल-पेटो धरली असती, p 0.001 च्या खाली, तर तुमची ट्रायल थांबलीच नसती. म्हणून नाव, आकडा आणि रेषा कधी ठरली, तिन्ही लिहा. तुमचा आकडा कुठला ते आर मध्ये पडताळा:

```
library(gsDesign)
x <- gsDesign(k=2, test.type=2, sfu=sfLDOF, alpha=0.025)
x$upper$bound
```

यातून 2.963 आणि 1.969 येतात.

आता फुगवटा. तुम्ही धरलेलंच खरं आहे असं माना, 16 आणि 8, म्हणजे शंभरामागे 8 चा फरक. प्रत्येकी 130 बायांमध्ये 2.963 ओलांडायला शंभरामागे जवळजवळ 12 चा फरक दिसावा लागतो. म्हणजे खरा फरक 8 असताना निम्म्यावर थांबणारी ट्रायल साधारण 12 किंवा त्याहून जास्तच सांगणार. साधारण सहातली एकच तिथे थांबते. उरलेल्यांत त्या टप्प्यावर फरक सरासरी 8 हूनही कमी असतो. बाउंडरी म्हणजे मोठ्या भोकांची चाळण: तिच्यावर राहतात ते मोठेच दाणे, आणि आपण त्यांवरून अख्ख्या पोत्याचा अंदाज बांधतो. डेटात कुणी हात घातलेला नसतो, तरी हे घडतं.

तुमचा फरक 12.3 आहे. रेषेच्या जेमतेम पलीकडे, म्हणून फुगलेला असण्याची शंका घ्यायलाच हवी.

खानापूर_कम्युनिटी
आमचं थोडं वेगळं आहे, पण विचारतो. लोहाच्या गोळ्यांचा अभ्यास, आम्ही मध्ये तीनदा टेबल काढून बघितलं, थांबवलं मात्र नाही. बाउंडरी वगैरे काही ठरलेलं नव्हतं. पेपरात लिहायची गरज आहे का? आमच्यात तर कमिटीही नव्हती हो.

टिळकवाडी_संख्याशास्त्र
लिहा. कॉन्सॉर्ट 2010 च्या 7बी मध्ये इंटरिम अ‍ॅनालिसिस आणि थांबवण्याचे नियम सांगायला सांगितलंय, आणि 14बी मध्ये ट्रायल का संपली ते. तुमच्या बाबतीत खरा प्रश्न असा, की निकाल चांगला दिसला असता तर थांबवलं असतं का? हो असेल तर दर वेळी 5 टक्क्यांची रेषा धरून तीनदा बघण्यात चुकीची शक्यता सुमारे 10.7 टक्क्यांवर जाते. कुणी बघितलं तेही सांगा, कारण गोळ्या देणाऱ्यांनीच टेबल बघितलं असेल तर पुढचे पेशंट निवडताना हात वळतो.

चिकोडी_फार्मा
बरोबर आहे सर, अंदाजाचा भाग माझ्या लक्षात आला नव्हता. मग निपाणीच्या डॉक्टरांनी मीडियन-अनबायस्ड अंदाज काढून टाकावा, पॅकेजमध्ये असतो. फुगवटा गेला!

टिळकवाडी_संख्याशास्त्र
इथे एक मेख आहे. तो अंदाज बहुतेक वेळा टप्प्यांच्या क्रमाने काढतात, आणि पहिल्याच टप्प्यावर थांबलेल्या ट्रायलमध्ये तो साध्या अंदाजाइतकाच येतो. डॉक्टरांचे 12.3 तसेच राहतील आणि "सुधारित" हे लेबल मात्र लागेल. त्यापेक्षा रिपीटेड कॉन्फिडन्स इंटरव्हल द्या. नेहमीची रेंज 4.7 ते 19.9 आहे. 1.96 च्या जागी 2.963 घातलं की 0.8 ते 23.8 होते. फायदा आहे, पण केवढा ते आपल्याला फारसं माहीत नाही, हे ती रेंज बघणाऱ्याला लगेच कळतं. मधला आकडा मात्र तीही बदलत नाही.

आणि त्या 38 बाया गाळू नका, सरांना सांगा. त्या धरून 149 पैकी 26 आणि 149 पैकी 9 होतात. फरक 12.3 वरून 11.4 वर आला. 38 बायांवरून काही सिद्ध होत नाही, तरी चाळणीबाहेरचा डेटा तेवढाच आहे.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर डब्ल्यूएचओची अ‍ॅक्शन-1 ट्रायल वाचा, एनईजेएम 2020. बेळगावच्या जेएनएमसीतल्या लोकांचाही त्यात हात होता. मुदतपूर्व बाळंतपणाआधी डेक्सामेथासोन. ठरल्या होत्या 6018 बाया, फायदा दिसल्यामुळे 2852 वर थांबली. हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले की वाचणारा स्वतः तोलतो.

निपाणी_ओबीजी
खूप आभार सर. मग अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये कुठला आकडा? 12.3 की 11.4?

टिळकवाडी_संख्याशास्त्र
माझं मत: थांबवण्याचा निर्णय 260 वर झाला, तर चाचणी तिथली सांगा. अंदाज सगळ्या 298 चा द्या, 11.4, आणि त्याच वाक्यात "नियोजित 520, फायद्यासाठी लवकर थांबवली" हे येऊ द्या. 260 चा पूर्ण निकाल टेबलमध्ये.

अथणीकर_ओपीडी
मला हे पटत नाही. दोन आकडे दिले की वाचणारा गोंधळतो. शिवाय बैठकीनंतर त्या 38 जणींचा फॉलोअप चालूच होता ना? कुठली बाई कुठल्या गटातली हे तेव्हा स्टाफला कळलं असेल, तर संसर्ग नोंदवण्यातच फरक पडू शकतो. मग 11.4 हा आकडा 12.3 पेक्षा शुद्ध कसा?

टिळकवाडी_संख्याशास्त्र
हा मुद्दा खरा आहे, माझ्याकडे त्याचं पक्कं उत्तर नाही. डॉक्टर, त्या 38 पैकी किती जणींचे 30 दिवस बैठकीच्या आधी पुरे झाले होते, आणि निकाल टीमला कधी कळवला? तारखा असतील तर इथे टाका.

निपाणी_ओबीजी
रजिस्टर चिकोडीला आहे, सोमवारी बघते. जखम तपासणारी सिस्टर वेगळी होती, गट तिला माहीत नव्हता असं आठवतंय, पण लेखी बघितल्याशिवाय सांगणार नाही. सरांना 38 बायांचं आजच कळवते.