मदत हवी आहे: सावकाराचे 3 टक्के फेडायला सोसायटीचं 15 टक्क्यांचं कर्ज काढू काय?

खानापूर_किराणा
नमस्कार, अर्जंट हाय. गणपतीच्या आधी दुकानात माल भरायला सावकाराकडनं 1 लाख घेतलेलो, 3 टक्क्यानं. सहा महिने झाले, आता 68 हजार राहिलंय. मेव्हणा म्हणतोय 3 टक्के म्हणजे वर्षाला 36, सोसायटी 15 नं देते, तिथनं 68 काढ आणि सावकाराला मोकळं कर. बारा त्रिक छत्तीस मला पण कळतंय. जामीनदार ठरलाय, उद्या फॉर्म द्यायचाय. सोसायटी किती दिवसात पैसे देते तेवढंच सांगा.

अनगोळची_काकू
सोसायटीच्या नादाला लागू नको बाबा, जामीनदाराचे उपकार जन्मभर डोक्यावर राहतात. आमच्या ह्यांच्या ऑपरेशनला मी पाटल्या बँकेत ठेवल्या, अर्ध्या तासात पैसे हातात. बायकोला विचारून बघ.

खानापूर_किराणा
काकू सोनं घरात न्हाई, ते आधीच गेलंय. कुणीतरी दिवसांचं सांगा की.

निपाणीकर
थांब जरा. 68 राहिलं ते कसं? तू नुसतं व्याज देतोस की मुद्दल पण फेडायलास? नुसतं व्याज असतं तर लाख तसाच राहिला असता. हातात पूर्ण लाख मिळाले की पहिलं व्याज कापून 97?

खानापूर_किराणा
पूर्ण लाख मिळाले ओ. महिन्याला 11,333 भरायलोय, 12 हप्ते, 6 झाले. डायरीत सही करून देतोय तो. माणूस वाईट न्हाई, एकदा पण उलटं बोलला न्हाई.

हिशेबनीस_शहापूर
मी 31 वर्षं सोसायटीत कर्जखात्यावर काढली, म्हणून सांगतो, उद्याचा फॉर्म थांबव.

तुझ्या सावकारानं लाखाचं वर्षाचं व्याज 36 हजार धरलं, ते मुद्दलात मिळवून 1,36,000 केले आणि 12 नी भागले. हे 3 टक्के पूर्ण लाखावर बाराही महिने लावलेत. पण लाख तुझ्याकडे वर्षभर होता कुठे? पहिल्या महिन्यापासून तू परत द्यायलास. शेवटच्या महिन्यात तुझ्याकडे त्याचे 10-11 हजार असतील, तरी व्याज लाखाचंच, 3 हजार.

राहिलेल्या रकमेवर खरंच 3 टक्के लावले असते तर हप्ता 10,046 बसला असता आणि वर्षाचं व्याज साडेवीस हजार. तुझ्याकडनं 36 जातात. तुझा खरा दर महिन्याला 5 टक्क्यांच्या वर आहे, वर्षाला 61. पटत नसेल तर मोबाईलवर शीट उघडून हे टाक:

```
=RATE(12,-11333,100000)
```

5 दिसलं तर त्या खान्यात दशांश वाढव, 5.08 येईल. त्याला 12 नं गुण.

रविवारपेठ_होलसेल
61 कुठनं आणलं? सरासरी काढा सरळ. सुरुवातीला लाख, शेवटी 8 हजार, म्हणजे वर्षभर सरासरी 54 हजार वापरले. 36 भागिले 54, म्हणजे 66 टक्के. आणि पेठेत सगळे 3 नंच घेतात. दिवाळीच्या तोंडावर तासात रोख कोण देतंय? बँकेत महिनाभर हेलपाटे मारायचे, तोवर सीझन संपतोय.

हिशेबनीस_शहापूर
तुमची रीत बरोबरच्या जवळ आहे शेठ. पण तुम्ही मुद्दल दर महिन्याला सारखं 8,333 कमी होतं असं धरलंत. प्रत्यक्षात सुरुवातीच्या हप्त्यात व्याज जास्त असतं, मुद्दल सावकाश उतरतं, म्हणून सरासरी तुमच्या 54 पेक्षा वर जाते आणि दर थोडा खाली येतो. तासात रोख मिळते हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही.

खानापूर_किराणा
डोकं गरगरायलंय. टाकून बघितलो, 5.08 च आलं. सहा महिने मी 36 धरून दुकानाचा हिशोब मांडत आलो. मग 61 चं कर्ज 15 नं फेडणं तर अजूनच चांगलं की, फॉर्म कशाला थांबवू?

हिशेबनीस_शहापूर
तो मागतोय ते 68 हजार म्हणजे काय ते बघ. 11,333 गुणिले 6. पुढच्या सहा महिन्यांचं व्याज पण आजच मागायलाय. तू लवकर फेडलास तर एक रुपया सूट नाही. सोसायटीचे 68 हजार 15 नं सहा महिन्यांत फेडायला हप्ता पडतो 11,834. आत्तापेक्षा महिन्याला 500 जास्त, सगळे मिळून 3 हजार अंगावर, वर शेअर आणि कागदाचा खर्च. दर कमी दिसतोय, पण बदलून तू तोट्यात.

तो 65 हजाराच्या खाली आला तरच सोसायटीचा उपयोग. आणि त्याच्या तोंडचे 3 टक्के राहिलेल्या रकमेवर धरले तर आज बाकी निघते 46,100. बोलायला तिथनं सुरुवात कर. एकेक महिन्याचा हिशोब कागदावर मांडून ने, तोंडी सांगून तो ऐकायचा नाही.

चंदगडकर_77
घासाघीस कशाला करायची. महाराष्ट्र सावकारी अधिनियम 2014 आहे, परवाना नसेल तर सरळ निबंधकाकडे तक्रार ठोका.

निपाणीकर
दादा तो खानापूरचा आहे, महाराष्ट्राचा कायदा हिकडं लागत न्हाई. कर्नाटकाचा सावकारी कायदा 1961 चा आहे, परवाना सहकार खात्याचाच लागतो. व्याजाची हद्द तारण असेल तर वर्षाला 14, नसेल तर 16. म्हणजे 61 सोड, 36 पण बसत न्हाई. वसुलीला धमकी दिली तर 2025 चा नवीन कायदा पण आहे. खानापूर, तारण काय दिलायस? कागद केलास काय?

खानापूर_किराणा
तारण काय न्हाई. दोन कोरे चेक सही करून दिलोय आणि एक बॉण्ड. बॉण्ड कन्नडात आहे, मला बोलता येतंय पण वाचायला नीट येत न्हाई, तो म्हणाला नेहमीचाच आहे म्हणून सही केलो. परवान्याचं कधी विचारलो न्हाई.

निपाणीकर
एवढं मोठं शेवटी सांगतोस होय? बॉण्डचा फोटो काढून आण आणि कन्नड येणाऱ्या माणसाकडनं आकडा वाचून घे. माझ्या चुलत्याच्या बॉण्डात घेतले 50 आणि लिहिलेले 1 लाख. कोऱ्या चेकवर तो आकडा घालून बँकेत टाकला की बाऊन्सची केस तुझ्यावर, मग कोर्टात तू हप्ते भरलेले तुलाच दाखवत बसावं लागतंय.

देसूर_आजोबा
आमच्या वेळी दामदुपटीचा नियम होता, व्याज मुद्दलाच्या वर जात नसे. तो सांगा त्याला.

हिशेबनीस_शहापूर
आजोबा, तो थकलेल्या व्याजाला लागतो. ह्याचं काहीच थकलेलं नाही, आणि 36 हजार लाखाच्या खालीच आहेत.

रविवारपेठ_होलसेल
मी तरी तक्रार करणार न्हाई. पुढच्या गणपतीला माल कुणाच्या पैशानं भरणार? गावात नाव झालं की कुणी दारात उभं करत न्हाई.

निपाणीकर
म्हणूनच हे असंच चालायलंय शेठ.

खानापूर_किराणा
आज जाऊन आलो. महिन्याचा हिशोब मांडून नेलो, 46 म्हटल्यावर तो काही बोललाच न्हाई थोडा वेळ, मग म्हणाला सगळ्यांना असंच देतोय. शेवटी 62 वर आला. चेक देतो म्हणाला, पण बॉण्ड कुठं ठेवलाय सापडत न्हाई म्हणतोय. फोटो पण मिळाला न्हाई मग. 62 सोसायटीतनं काढू काय?

हिशेबनीस_शहापूर
62 चा हप्ता 10,790 पडतो. सहा महिन्यांत सव्वातीन हजार वाचतात, त्यातनं शेअर आणि खर्च वजा कर, आधी सोसायटीत तो आकडा विचार. रोख देऊ नको, खात्यावर टाक. आणि बॉण्ड सापडेपर्यंत टाकूच नको. सापडतच नसेल तर बॉण्डचा नंबर, तारीख, चेकचे नंबर आणि "पूर्ण फेड झाली, येणे बाकी नाही" असं त्याच्या सहीनं, दोन साक्षीदारांसमोर लिहून घे.

खानापूर_किराणा
नंबर माझ्याकडं न्हाई. चेकबुकात अर्धपान आहे, त्याच्यावरनं चेकचे मिळतील. बॉण्ड लिहिला त्या माणसाकडं जाऊन येतो.