मदत हवी आहे: डिफर्ड टॅक्सची नोंद उलटते कधी?

मशीन 1000 चं. पुस्तकात 5 वर्षं सारखा, म्हणजे वर्षाला 200 घसारा. करासाठी मात्र शिल्लक किमतीवर 40 टक्के, म्हणून पहिल्या वर्षी 400. घसाऱ्याआधी नफा 1000, दर 25 टक्के. पुस्तकात कर 200, भरला 150. उरलेले 50 डिफर्ड टॅक्स लायबिलिटीत टाकले. इथवर पटलं.

दुसऱ्या वर्षी कराचा घसारा 240, म्हणून आणखी 10 टाकून लायबिलिटी 60 झाली. तिसऱ्या वर्षी कराचा घसारा 144 वर येतो. आता भरायचे 214, पुस्तकात 200च. म्हणजे जादाचे 14 त्या लायबिलिटीतूनच वळते करायचे ना? माझ्या हिशोबाने ती 60 वरून 46 होते. सहकारी म्हणतो, तो खर्चच दाखव. मला पटत नाही. आणि मध्येच दर 30 टक्के झाला, तर जुनी शिल्लकही नव्या दराने मोजायची का?