टेप की शस्त्रक्रिया: डोळे मिटून बघा

"वरच्या पापणीवर रोज टेप लावली की दुहेरी पापणीची घडी कायमची बसते, मग सर्जरी कशाला?"

नाही बसत. दुहेरी पापणीत डोळा उघडणाऱ्या स्नायूचे तंतू कातडीपर्यंत पोचलेले असतात, म्हणून घडी पडते. एकेरी पापणीत तो दुवा नसतो. टेप नुसती वरून कातडी दुमडते. सोलमधल्या माझ्या सहकारिणीची टेप डोळे मिटले की चकाकायची, आणि रोज ओढून काढून कातडी लालसर, सैल झाली होती.

शस्त्रक्रियेत तो दुवा तयार करतात. आत पुरलेल्या टाक्यांची घडी डोळे मिटल्यावर जवळजवळ दिसत नाही, पण पुढे सुटू शकते. छेद देऊन केलेली टिकते, मात्र मिटलेल्या पापणीवर व्रणाची रेघ राहू शकते. आणि घडी हौसेने फार उंच बांधून घेतली, तर ती खाली आणणं महाकठीण.