अनुभव धागा: बैठकीच्या आदल्या दिवशीचा निरोप

सीमाभागातल्या बऱ्याच घरांची माणसे बेळगाव, कोल्हापूर, पुणे आणि गोवा अशी विखुरलेली असतात. त्यांना एका कामासाठी एकत्र बसवताना आदल्या दिवशी वेळ, ठिकाण, येणारी माणसे आणि आणायच्या वस्तू आपण कशा कळवता, आणि कुठे चुकले, हे सर्वांनी सविस्तर लिहावे. सुरुवात माझ्यापासून करते.

सासऱ्यांच्या जमिनीच्या वाटणीपत्राचा मसुदा वाचण्यासाठी वकिलांकडे बैठक ठरली होती. मी लिहिले होते, "उद्या अकरा वाजता टिळकवाडीत गेटजवळ वकिलांकडे जमायचे आहे, सर्वांनी कागद घेऊन यावे." सहा जणांनी अंगठ्याचे चित्र पाठवले आणि मी निश्चिंत झाले. टिळकवाडीत रेल्वेचे पहिले, दुसरे आणि तिसरे अशी गेटे आहेत, हे पुण्याच्या दिरांच्या ध्यानात नव्हते; ते पहिल्या गेटाशी उभे राहिले आणि आम्ही तिसऱ्याशी. 'कागद' म्हणजे प्रत्येकाने आधारकार्डाची झेरॉक्स समजली, त्यामुळे जुने खरेदीपत्र कोणीच आणले नाही. सह्या भावांच्याच लागतील असे समजून नणंद आल्याच नाहीत. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलासारखाच जन्मतः हिस्सा आहे, तरी येणाऱ्यांत त्यांचे नाव मीच लिहिले नव्हते, याचे मला अजून वाईट वाटते.

दुसऱ्या वेळी असे लिहिले: "उद्या गुरुवार, १२ जून, सकाळी ११ वाजता. तिसऱ्या रेल्वे गेटजवळ, वकिलांचे ऑफिस, पहिला मजला. येणारे: तिघे भाऊ, वन्सं आणि मी. मूळ खरेदीपत्र थोरल्या भावोजींनी आणावे, चालू वर्षाचा उतारा मी आणते, प्रत्येकाने मूळ आधारकार्ड आणावे. आपण काय आणणार, तेवढे उत्तरात लिहावे." बैठक पाऊण तासात संपली.

खानापूरचे निवृत्त दस्तलेखक: ताई, शेवटची ओळ सर्वांत मोलाची आहे. अंगठ्यावरून निरोप पोहोचला एवढेच कळते, समजला की नाही हे कळत नाही. "मूळ खरेदीपत्र मी आणतो" असे उत्तर आले की मात्र ती वस्तू कोणाच्या पिशवीत आहे हे कळते. एका वस्तूपुढे एकच नाव असावे, कारण दोन नावे असली की दोघेही दुसऱ्यावर विसंबतात. नोंदणीच्या दिवशी साक्षीदारांचा विसर हमखास पडतो, कारण ते घरच्या ग्रुपमध्ये नसतात. त्यांना वेगळे कळवावे लागते. आणखी एक, मूळ दस्त बँकेच्या लॉकरमध्ये असेल तर आदल्या संध्याकाळचा निरोप निरुपयोगी ठरतो, कारण तोवर बँक बंद झालेली असते. अशी वस्तू तीन-चार दिवस आधीच मागावी आणि आदल्या दिवशी ती घरी आली का, एवढेच विचारावे.

निपाणीचे एक वाचक: ग्रुपवर एकदा टाकले की पुरे, असे माझे मत आहे. मात्र नोंदणीला एक जरी आला नाही तरी सगळे रद्द होते, म्हणून सर्वांचा होकार घ्यावाच.

दस्तलेखक: रद्द होत नाही. सही करणारे सहीपासून चार महिन्यांच्या आत वेगवेगळ्या दिवशी हजर राहिले तरी कायद्याला चालते. पण पुण्याच्या माणसाला पुन्हा रजा काढावी लागते, म्हणून होकार घ्यावा हे आपले म्हणणे योग्यच आहे.

चिकोडीचे एक वाचक: आमच्या सोसायटीच्या सभेची लेखी सूचना कितीतरी दिवस आधी निघते. आदल्या दिवशी कळवणे नियमात कसे बसते?

धाग्याची सुरुवात करणारी: दादा, ती सभेची पहिली सूचना झाली. येथे आधीच ठरलेल्या बैठकीची उजळणी अभिप्रेत आहे.

हलशीकडच्या एक ताई: माझ्या आत्याकडे साधा फोन आहे, म्हणून मी बोलून सांगते. एकदा मी "परवा" म्हटले होते आणि तिने घरी सांगताना ते "परवा झाले" असे सांगितले, तेव्हापासून वार आणि तारीख दोन्ही सांगते. "कळले का?" असे विचारले की ती हो म्हणते, म्हणून मी "आत्या, कोणत्या गाडीने निघणार, कुठे उतरणार आणि पिशवीत काय घेणार?" असे विचारते. ती चुकीचा थांबा बोलली की तिथल्या तिथे दुरुस्त करता येतो. वकिलांचे कारकून कन्नड बोलणारे असल्यामुळे त्यांना तोच निरोप भाचीकडून कन्नडमध्ये लिहवून पाठवते.

निपाणीचे एक वाचक: आणि रात्रीपर्यंत उत्तरच आले नाही तर? मी तो येणार नाही असे धरून चालतो.

दस्तलेखक: मी आठ वाजता फोन करत असे. मूळ दस्त त्याच्याकडेच असेल तर येणार नाही असे धरून कसे चालेल?

निपाणीचे एक वाचक: त्याने फोनही उचलला नाही, तर बाकीच्या पाच जणांना रात्री नऊ वाजता थांबवायचे की येऊ द्यायचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. कोणी असा प्रसंग निभावला असल्यास लिहावे.