'बरोबरी करू नकोस' की 'तुलना करू नकोस'?

पेठेतली: जोडीदाराला एक गोष्ट शांतपणे सांगायची आहे. लक्ष्मी रस्त्यावर मी गाडी लावायला जागा शोधत होते, तर हा म्हणाला, "ती कुठेही बसवायची गाडी." परवा पोह्यांवर, "तिचे मोकळे व्हायचे." ती म्हणजे आधीची मैत्रीण. 'माझी तिच्याशी बरोबरी करू नकोस' असं म्हणणार होते, पण कानाला बरं वाटेना.

जुना मास्तर: बरोबर खटकलं तुम्हाला. बरोबरी करणं म्हणजे तोडीस तोड ठरणं. 'त्याची बरोबरी कोण करणार!' तुमच्या वाक्यातून 'ती माझ्यापुढे कोण' असा सूर निघतो आणि मग भांडण तिच्यावरच घसरतं. 'तुलना' म्हणा. तुला म्हणजे तराजू, त्यात कोण वरचढ हे आधीच ठरलेलं नसतं.

नारायणपेठी: पण तुलनेला 'पेक्षा' लागतो. 'तुझ्यापेक्षा' तो म्हणालाच नाही. व्याकरणाने ही नुसती आठवण झाली.

मास्तर: 'पेक्षा' नाही हे खरं. पण समोर हिची गाडी अडलेली असताना दुसरं पारडं बोलून दाखवावं लागत नाही. तरी तो नेमका या नारायणपेठींसारखाच वाद घालणार, "मी कुठे तुलना केली?" म्हणून 'तू नेहमी तुलना करतोस' असं म्हणूच नका. नेहमी म्हटलं की तो न केलेले दिवस मोजून दाखवतो. त्याचंच वाक्य, जागा आणि वेळेसकट, परत सांगा.

कोथरूडची काकू: आमच्या सासूबाई सारखं जाऊबाईंच्या पुरणपोळीचं ऐकवायच्या. मी कानाआड केलं. तूही कर.

पेठेतली: काकू, जाऊबाई समोर तरी असतात. हिला मी पाहिलेलंही नाही. आणि कानाआड केलं तर तेच परत ऐकावं लागेल.

मास्तर: मग 'करू नकोस'ऐवजी 'करत जाऊ नकोस' घ्या. पहिल्यात एका वेळची मनाई ऐकू येते, दुसऱ्यात सवयीची. आणि 'तू मला दुखावलंस' टाळा, त्यात कर्ता तो आहे, लगेच सफाई देईल. 'मला ते लागलं' यात कर्ता 'ते' आहे, म्हणजे त्याचं वाक्य. चर्चा त्या वाक्यावर राहते.

नारायणपेठी: 'लागलं' फार हळवं. 'खटकलं' पुरे.

पेठेतली: असं जुळवलंय: "त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर मी जागा शोधत असताना तू म्हणालास, ती कुठेही बसवायची. मला ते लागलं. पोह्यांचं नुसतं खटकलं. तिच्या आठवणी सांग, पण मी काही करत असताना मध्ये तिला आणत जाऊ नकोस."

काकू: 'आणत जाऊ नकोस' छान आहे गं. तिचं नाव घेणार की 'ती'च म्हणणार?

मास्तर: नाव घ्यावं. 'ती' म्हटलं की तिरकस वाटतं.

नारायणपेठी: उलट! नाव घेतलं की तीच घरात येऊन बसते.

पेठेतली: तो तरी कुठे नाव घेतो? तोही 'ती'च म्हणतो. मीही तेच म्हणेन.