मदत हवी आहे: ट्रॅक्टरच्या तासांची बेरीज

मंडळी, आम्ही यावल तालुक्यातले. केळीच्या शेतात रोटाव्हेटर तासाच्या भावाने चालवला. वहीत नोंद अशी: 2 तास 45 मिनिटं, 3 तास 50, 1 तास 35. ट्रॅक्टरवाले भाऊ कॅल्क्युलेटरवर 2.45 + 3.50 + 1.35 करून 7.30, म्हणजे साडेसात तास म्हणतात. मी मिनिटं वेगळी मिळवली: 130. त्यातून 60 चे दोन हातचे तासांत गेले, 10 उरली. तास 6 आणि 2, म्हणजे 8 तास 10 मिनिटं. कॅल्क्युलेटर हातचा शंभराला घेतो, म्हणून त्यांचीच 40 मिनिटं बुडतात. ते मला पटत नाही.

महिन्याच्या लांब यादीत दर ओळीला हातचा घ्यावा, की सगळी मिनिटं मिळवून शेवटी एकदाच 60 ने भागावं? तुम्ही कसं करता?