मदत हवी आहे: लगेच सूट घ्यावी की नंतरचा कॅशबॅक?

नमस्कार मंडळी, सांगलीत आईसाठी फ्रिज ऑनलाइन घेतोय, किंमत २४,००० रुपये. एका कार्डावर लगेच १०% सूट आहे, पण कमाल मर्यादा १,५००. म्हणजे द्यायचे २२,५००. दुसऱ्या कार्डावर १०% कॅशबॅक, मर्यादा २,०००. तिथे आज पूर्ण २४,००० भरायचे आणि ९० दिवसांनी २,००० त्याच ॲपच्या वॉलेटमध्ये येणार.

वरवर कॅशबॅकमध्ये ५०० जास्त. आज जादा जाणाऱ्या १,५०० वर ७% दराने तीन महिन्यांचं व्याज जेमतेम २६ रुपये होतं, त्यामुळे थांबण्याचा खर्च मोठा नाही. माझी काळजी वेगळीच आहे. वॉलेटमधले पैसे खात्यात काढता येत नाहीत, आणि त्यांना मुदत असली तर वापरायचे कुठे? आईच्या औषधांना तर ते चालणार नाहीत.

शिवाय ऑफरला किमान खरेदी २४,००० ची अट आहे. ५०० चं कूपन लावलं तर रक्कम २३,५०० होते. मग कॅशबॅकच जाईल का? अट कूपनच्या आधीच्या रकमेवर मोजतात की प्रत्यक्ष भरलेल्या?

असा कॅशबॅक कुणाला वेळेवर मिळालाय का? नाही आला तर तक्रारीला ऑफरच्या पानाचा स्क्रीनशॉट पुरतो का? रविवारपर्यंत ठरवायचंय.